सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन : फुप्फुसातील नोड्यूल वाचण्याची रीत

१. रिपोर्टमधील एक ओळ

पडल्यामुळे बरगडी दुखते, खोकला लांबतो, किंवा एखाद्या शस्त्रक्रियेपूर्वी तपासणी करावी लागते, म्हणून छातीचा सीटी स्कॅन होतो. ज्यासाठी तो काढलेला असतो ते काही निघत नाही, परंतु रिपोर्टच्या शेवटी एक ओळ येते : उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात ७ मिलिमीटरचा नोड्यूल, सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा सीटी करावा. रुग्ण आणि त्याचे घरचे या ओळीवर विचारतात तो प्रश्न अगदी साधा असतो. गाठ धोक्याची असेल तर सहा महिने थांबायचे कशासाठी, आणि नसेल तर पुन्हा स्कॅन तरी कशाला?

त्याचे थोडक्यात उत्तर असे की नोड्यूलच्या बाबतीत थांबणे हीच एक तपासणी असते. एका स्कॅनमध्ये गाठीचे रूप दिसते, दोन स्कॅनच्या मधल्या काळात तिचे वागणे दिसते, आणि पुष्कळदा रूपापेक्षा वागणे अधिक खरे बोलते. किती काळ थांबायचे हे मात्र रूपावरूनच ठरवावे लागते. त्यासाठी रेडिओलॉजिस्ट आकार, कडा आणि घनता या तीन गोष्टी नोंदवतात.

नोड्यूल म्हणजे फुप्फुसाच्या हवेने भरलेल्या मऊ भागात दिसणारा, साधारण गोल आणि ३ सेंटिमीटरपर्यंतचा डाग. त्याहून मोठ्या गाठीला ‘मास’ म्हणतात आणि तिच्या बाबतीत सहसा थांबण्याचा विचार होत नाही. नोड्यूल या शब्दात कर्करोग हा अर्थ अध्याहृत नसतो. जुन्या क्षयाचा बरा झालेला व्रण, एखादी लहान लसिकाग्रंथी, बुरशीच्या किंवा जंतूंच्या संसर्गाची उरलेली खूण आणि कर्करोगाची सुरुवात या सगळ्यांना तो शब्द सारखाच लागू पडतो.

२. मिलिमीटर कसे मोजतात

वाटाणा साधारण ७-८ मिलिमीटरचा असतो आणि मुगाचा दाणा ४-५ मिलिमीटरचा. नोड्यूलच्या जगात हा एवढासा फरक निर्णय बदलणारा असल्यामुळे मोजण्याची रीत नेमकी ठरलेली आहे. फुप्फुस नीट दिसावे म्हणून प्रतिमेची उजळ-गडदता ज्या विशिष्ट पद्धतीने लावतात तिला ‘लंग विंडो’ म्हणतात. या विंडोत गाठ जिथे सर्वांत मोठी दिसते त्या एकाच प्रतिमेवर तिची लांबी आणि तिला काटकोनात असलेली रुंदी मोजतात, दोहोंची सरासरी काढतात आणि ती जवळच्या पूर्ण मिलिमीटरला नेतात. ८ बाय ६ मिलिमीटरची गाठ त्यामुळे ७ मिलिमीटरची ठरते.

येथे पहिली अडचण कापांच्या जाडीची येते. सीटी यंत्र शरीराचे आडवे काप दाखवते. पावाच्या जाड कापात एखादा मिरीचा दाणा अडकला तर तो पूर्ण आत आहे की अर्धा शेजारच्या कापात आहे हे वरून कळत नाही. सीटीत तर एका कापाच्या जाडीत जे काही येते त्या सगळ्याची सरासरी काढून एकच राखाडी छटा दाखवली जाते. काप ५ मिलिमीटरचा आणि गाठ ४ मिलिमीटरची असेल तर गाठीची घनता भोवतालच्या हवेत मिसळून जाते, आणि प्रत्यक्षात भरीव असलेली गाठ विरळ, धूसर दिसते. म्हणून नोड्यूलसाठी १ मिलिमीटरच्या आसपासचे, फार तर दीड मिलिमीटरचे काप पाहिले जातात. फक्त फिल्मवर छापलेला स्कॅन तुलनेला फारसा उपयोगी पडत नाही आणि सीडी जपून ठेवायला सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

दुसरी अडचण माणसाची आणि श्वासाची असते. दोन अनुभवी रेडिओलॉजिस्टांनी तीच गाठ मोजली, किंवा त्याच रुग्णाने पुढच्या वेळी श्वास थोडा कमी भरला, तरी आकड्यात एखाद्या मिलिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून सरासरी व्यास २ मिलिमीटर किंवा अधिक वाढल्याशिवाय गाठ वाढली असे सहसा म्हटले जात नाही. रिपोर्टमध्ये ७ चे ८ झालेले पाहून घरात जी झोप उडते, ती बहुधा मोजपट्टीच्या डगमगण्यामुळे उडालेली असते. हा दोन मिलिमीटरचा उंबरठा पुढच्या सगळ्या हिशेबाचा पाया आहे.

३. कडा

कडेचे वर्णन करताना गुळगुळीत, खळगेदार आणि काटेरी असे तीन शब्द मुख्यतः येतात. गुळगुळीत कडा म्हणजे वाटाण्यासारखी रेखीव कडा. खळगेदार कडेला रिपोर्टमध्ये ‘लोब्युलेटेड’ म्हणतात. कातण्याने कापलेल्या करंजीच्या काठासारखे तिला उंचवटे-खोलगे असतात आणि गाठीचे वेगवेगळे भाग कमी-अधिक वेगाने वाढत असावेत असे त्यावरून सुचते. काटेरी कडेला ‘स्पिक्युलेटेड’ म्हणतात. गोखरूच्या काट्यांप्रमाणे गाठीपासून भोवतालच्या फुप्फुसात बारीक रेषा गेलेल्या असतात. गाठीभोवती तयार होणारे तंतू शेजारच्या ऊतींना आत ओढतात, किंवा रोग तेथील सूक्ष्म वाहिन्यांमधून बाहेर पसरू लागतो, तेव्हा अशा रेषा उमटतात. आकार सारखा असलेल्या दोन गाठींपैकी काटेरी गाठीकडे अधिक संशयाने पाहतात ते म्हणूनच.

कडेवरून मिळतो तो झुकाव. निवाडा मिळत नाही. क्षयाच्या जुन्या व्रणालाही काटे असू शकतात, आणि दुसऱ्या अवयवातून फुप्फुसात आलेल्या कर्करोगाची गाठ पुष्कळदा अगदी गुळगुळीत असते.

एका प्रकारात मात्र आकृतीवरून बरेच ठामपणे बोलता येते. फुप्फुसाच्या खंडांमध्ये पातळ पडद्याच्या फटी असतात. त्यांना फिशर म्हणतात. या फटीला टेकलेला, शिंगाड्यासारखा त्रिकोणी किंवा चपटा लंबगोल, रेखीव कडेचा, एकसारखा भरीव ठिपका बहुधा फुप्फुसातली लसिकाग्रंथीच असते. ती ६ मिलिमीटरपेक्षा मोठी असली तरी, रूप असे नेमके जुळत असेल तर, पुन्हा स्कॅन करण्याची गरज सहसा नसते.

४. घनता

सीटीच्या प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा असतो. सीटीच्या शोधासाठी १९७९चे नोबेल मिळालेल्या गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांचे नाव या मोजमापाला आहे. त्यात पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर, चरबी उणे १०० च्या आसपास आणि हाड शेकड्यांत अधिक असे आकडे येतात. निरोगी फुप्फुसात हवाच जास्त असल्याने त्याचा आकडा हवेच्या जवळ, खूप उणे असतो.

गाठीत चरबी सापडली तर ती बहुधा निरुपद्रवी असते. चुना साचलेला असेल, म्हणजे कॅल्सिफिकेशन असेल, तर तो कसा साचला आहे हे पाहावे लागते. पूर्ण गाठभर, नेमका मध्यभागी, कांद्याच्या पापुद्र्यांसारखा थराथरांत किंवा मक्याच्या लाह्यांसारखा गुच्छांत साचलेला चुना दिलासा देणारा असतो, कारण बहुतेकदा ती शरीराने जुनी जखम बंद केल्याची किंवा निरुपद्रवी गाठीची खूण असते. चुना एका कडेला असेल किंवा बारीक ठिपक्यांत विखुरलेला असेल तर तो दिलासा देता येत नाही. वाढणाऱ्या कर्करोगाने वाटेतला जुना व्रण आपल्यात घेतला असेल तरी असेच चित्र दिसते.

पुढच्या स्कॅनचे वेळापत्रक खरोखर बदलणारा भेद भरीव आणि धूसर यांच्यातला आहे. पावसाळ्यात घाटात धुके पडले की रस्ता पांढुरका होतो, पण वळणे आणि कठड्याचे दगड दिसत राहतात. नोड्यूलचा डाग असा असेल, म्हणजे फुप्फुस पांढुरके झालेले असूनही त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्या दिसत असतील, तर त्याला ‘ग्राउंड ग्लास’, म्हणजे घासलेल्या काचेसारखा, म्हणतात. रक्तवाहिन्या पूर्ण झाकल्या गेल्या तर नोड्यूल ‘सॉलिड’, म्हणजे भरीव. धुक्याच्या मधोमध भरीव गाभा असेल तर तो ‘पार्ट-सॉलिड’.

या दिसण्यामागे शरीरात काय घडते ते पाहिले की पुढचे नियम आपोआप समजतात. फुप्फुसात हवेच्या असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. ॲडेनोकार्सिनोमा या कर्करोगाच्या काही प्रकारांत सुरुवातीला पेशी या पिशव्यांच्या भिंतींना आतून अस्तर लावल्यासारख्या पसरतात. पिशवीत हवा राहतेच, म्हणून सीटीत नुसते धुके दिसते. पुढे कधी तरी पेशी भिंत ओलांडून आत घुसतात, तंतू तयार होतात, पिशव्या मिटतात आणि त्या जागी भरीव गाभा दिसू लागतो. पार्ट-सॉलिड नोड्यूलच्या रिपोर्टमध्ये म्हणून दोन मापे लिहावी लागतात : एक पूर्ण डागाचे आणि दुसरे फक्त गाभ्याचे. यांतले दुसरे अधिक महत्त्वाचे असते. १८ मिलिमीटरच्या धुक्यात ३ मिलिमीटरचा गाभा असणे आणि १२ मिलिमीटरच्या धुक्यात ८ मिलिमीटरचा गाभा असणे यांत दुसरी गोष्ट जास्त चिंतेची, जरी पहिला डाग मोठा असला तरी.

धुके दुसऱ्याही कारणांनी येते. न्यूमोनियाचा उरलेला भाग किंवा थोडासा रक्तस्राव तसाच दिसतो आणि काही आठवड्यांत विरून जातो. धूसर नोड्यूलच्या पहिल्या पुनर्तपासणीत ‘वाढला का’ याआधी ‘आहे का’ हेच पाहायचे असते.

५. थांबण्याचे गणित

चार सेंटिमीटर व्यासाचा बेसनाचा लाडू आणि पाच सेंटिमीटरचा लाडू शेजारी ठेवले तर दुसरा थोडासाच मोठा वाटतो. पण त्याला मिश्रण जवळजवळ दुप्पट लागते, कारण ४ चा घन ६४ आणि ५ चा घन १२५. गाठीचेही तसेच असते. तिचे घनफळ दुप्पट होते तेव्हा व्यास फक्त पावपट वाढतो. कर्करोगाची वाढ मोजताना घनफळ दुप्पट व्हायला लागणारा काळ विचारात घेतात आणि भरीव कर्करोगांत तो साधारणपणे १०० ते ४०० दिवसांच्या दरम्यान असतो.

आता ७ मिलिमीटरची भरीव गाठ घेऊ आणि ती १८० दिवसांत दुप्पट होणारी आहे असे समजू. तीन महिन्यांनी तिचा व्यास ७.९ होईल, सहा महिन्यांनी ८.८ आणि वर्षाने ११.१. दोन मिलिमीटरच्या उंबरठ्याशी हे आकडे ताडून पाहिले तर तीन महिन्यांनी केलेला स्कॅन जवळजवळ वाया जातो, किंबहुना ‘वाढ नाही’ असा खोटा दिलासा देतो. सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान मात्र फरक निसटायला नको. हीच गाठ ४०० दिवसांत दुप्पट होणारी असेल तर वर्षानेही ती ८.६ पर्यंतच पोहोचते आणि दीड वर्षाने ९.६ होते, म्हणजे पहिल्या पुनर्तपासणीतून सुटलेली मंद गाठ पकडण्यासाठी दुसरी, १८ ते २४ महिन्यांनी, करावी लागते. वेळापत्रकातले आकडे असे गाठीच्या वेगातून आणि मोजपट्टीच्या मर्यादेतून आलेले आहेत.

मग थांबण्याऐवजी लगेच सुई घालून तुकडा का काढत नाहीत? श्वासाबरोबर हलणाऱ्या ७ मिलिमीटरच्या गाठीला सुईने गाठणे अवघड असते, फुप्फुसाला छिद्र पडून हवा छातीच्या पोकळीत गळू शकते, आणि पेट स्कॅनही ८ मिलिमीटरच्या खालच्या गाठींत भरवशाचा नसतो. दुसरीकडे, ६ ते ८ मिलिमीटरच्या भरीव नोड्यूलमध्ये कर्करोग निघण्याची शक्यता सरासरीने अर्धा ते दोन टक्के आणि ६ च्या खाली एक टक्क्याहूनही कमी धरली जाते.

छातीच्या प्रतिमाशास्त्रातील तज्ज्ञांच्या फ्लाइशनर सोसायटीने २०१७ मध्ये सुधारून दिलेली मार्गदर्शक सूत्रे याच विचारावर उभी आहेत आणि भारतातही रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख वारंवार येतो. एकट्या भरीव नोड्यूलचा व्यास ६ मिलिमीटरपेक्षा कमी असेल आणि व्यक्तीला फारसा धोका नसेल तर पुन्हा स्कॅन नको. धूम्रपानासारखा धोका असेल तर बारा महिन्यांनी एक करता येतो. ६ ते ८ मध्ये सहा ते बारा महिन्यांनी, आणि धोका असेल तर पुढे १८ ते २४ महिन्यांनी आणखी एक. ८ च्या वर तीन महिन्यांनी सीटी, पेट स्कॅन किंवा तुकडा यांतून निवड करायची असते. येथे तीन महिने चालतात, कारण मोठ्या गाठीत तेवढीच वाढ मिलिमीटरांत अधिक दिसते आणि उशीर अधिक महाग पडतो.

धूसर नोड्यूलची चाल वेगळी. त्यातील कर्करोग फार सावकाश वाढतो, दुप्पट व्हायला काही वर्षे घेतो. म्हणून ६ किंवा अधिक मिलिमीटरचा नुसता धूसर नोड्यूल सहा ते बारा महिन्यांनी टिकून आहे का ते पाहतात आणि टिकला तर दर दोन वर्षांनी, पाच वर्षे होईपर्यंत. पार्ट-सॉलिडमध्ये पहिली भेट तीन ते सहा महिन्यांनी, आणि गाभा ६ मिलिमीटरच्या आत राहिला तर पाच वर्षे दरवर्षी. धूसर नोड्यूलला अधिक सवलत आणि अधिक वर्षे, दोन्ही एकदम मिळतात. रुग्णांना हे विसंगत वाटते. पण मंद गतीमुळेच तो लवकर घातही करत नाही आणि लवकर निर्दोषही ठरत नाही.

ही सूत्रे सर्वांसाठी नाहीत. पस्तिशीच्या आतील व्यक्ती, आधीच कर्करोग असलेले रुग्ण आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण त्यांत धरलेले नाहीत; अशा रुग्णाच्या बाबतीत तोच ५ मिलिमीटरचा ठिपका वेगळ्या हिशेबात जातो.

६. एक हिशेब, पहिल्यापासून

समजा, साठीच्या एका गृहस्थांनी तीस वर्षे विडी ओढून ती सोडली आहे आणि दुचाकीवरून पडल्यामुळे त्यांचा सीटी झाला. उजव्या वरच्या खंडात ८ बाय ६ मिलिमीटरची, भरीव, कडेला थोडी खळगेदार, चुना नसलेली गाठ निघाली. सरासरी ७. विडी, वय, वरचा खंड आणि कडा हे सगळे धोक्याच्या बाजूला झुकतात, म्हणून सहा ते बारा महिन्यांतले सहाच निवडले गेले. पण त्याआधी एक फुकटची तपासणी शिल्लक असते : जुना स्कॅन. २०२०-२१ च्या कोविडकाळात महाराष्ट्रात असंख्य लोकांचे छातीचे सीटी झाले आणि त्यांच्या सीडी कपाटांत पडून आहेत. भरीव गाठ दोन वर्षांहून अधिक काळ तशीच असल्याचे अशा सीडीत दिसले तर बहुधा पुढचे सगळे स्कॅन टळतात. या गृहस्थांचा तेव्हा स्कॅन झालेला नव्हता.

सहा महिन्यांनी माप आले ९ बाय ६. सरासरी साडेसात, रिपोर्टमध्ये ८. फरक उंबरठ्याच्या आत, म्हणून ‘लक्षणीय बदल नाही’. विसाव्या महिन्यात माप आले १० बाय ८, म्हणजे ९. येथे एक नेहमीची चूक घडू शकते. नवा स्कॅन फक्त मागच्याशी ताडला तर ८ चे ९ झाले, एकच मिलिमीटर, म्हणून पुन्हा ‘बदल नाही’ असे लिहिले जाईल. सगळ्यात पहिल्या स्कॅनशी ताडले तर ७ चे ९ झालेले दिसते आणि उंबरठा ओलांडला जातो. ७ चा घन ३४३ आणि ९ चा ७२९, म्हणजे सुमारे ६०० दिवसांत घनफळ दुपटीहून थोडे अधिक झाले आणि दुपटीचा काळ साडेपाचशे दिवसांच्या आसपास आला. हा वेग नेहमीच्या भरीव कर्करोगापेक्षा कमी आहे, पण गाठ वाढते आहे एवढे नक्की. चांगल्या रिपोर्टमध्ये म्हणूनच मागच्या स्कॅनबरोबर पहिल्या स्कॅनची तारीख आणि मापही लिहिलेले असते.

आता गाठ ८ च्या वर गेल्यामुळे पेट स्कॅनचा विचार होतो, आणि येथे भारतातली एक खास गुंतागुंत आडवी येते. पेट स्कॅनमध्ये साखर खाणाऱ्या पेशी उजळतात आणि सक्रिय क्षयाची गाठही तशीच उजळते. शिवाय क्षयालाही वरचाच खंड प्रिय. आशियाई देशांसाठी २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तज्ज्ञांच्या मतैक्यातही याच कारणाने पेट स्कॅनवर कमी भिस्त ठेवावी आणि पाळत अधिक काळ चालवावी असे सुचवले आहे. गाठ उजळली, तरी तिचे नाव कळत नाही.

म्हणून या गृहस्थांच्या बाबतीत सीटीच्या मदतीने सुईने तुकडा काढण्याचे ठरते, आणि रेडिओलॉजिस्ट सुई घेण्याआधी टेबलावर दोन बाटल्या ठेवायला सांगतात. एकीत फॉर्मालिन, त्यातला तुकडा पेशी पाहण्यासाठी पॅथॉलॉजीकडे जातो. दुसरीत नुसते सलाईन, त्यातला क्षयाच्या जंतूंच्या तपासणीसाठी जातो. सगळा नमुना फॉर्मालिनमध्ये पडला तर जंतू मरतात, कल्चर करता येत नाही, आणि कर्करोग निघाला नाही तर मग नेमके काय होते हे शोधण्यासाठी तीच सुई पुन्हा घालावी लागते.